संदेशाच्या टोकाशीच कुलूप

मातीत राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूला डीएनए आणि आरएनए घडवायला ग्वानिन लागतं. ते पेशीत भरपूर असेल, तर त्याच्यासारखा माल गोळा करणारी प्रथिनं बनवत राहणं वाया जातं. मग हे काम थांबवायचं कुणी? पाठ्यपुस्तकातलं उत्तर असं, की एखादं प्रथिन जनुकावर येऊन बसतं आणि त्याची नक्कल होऊ देत नाही. एक्सपीटी या जनुकावर तसं एक प्रथिन लक्ष ठेवतंही. पण ग्वानिन ओळखण्याचं काम त्या जनुकाचा आरएनए संदेश स्वतःच करतो. येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने 2003 मध्ये हे दाखवून दिलं.

संदेश लिहिला जात असताना आधी त्याचा सुरुवातीचा भाग बाहेर पडतो. त्यात प्रथिनाची कृती नसते. सुमारे 70 अक्षरांचा हा पट्टा घडी घालून मधे एक खळगा तयार करतो. ग्वानिन त्यात बसलं की घडी घट्ट होते, पुढची अक्षरं मोकळी राहतात आणि ती आपसांत जुळून केसातल्या आकड्यासारखा वळसा घालतात. या वळशापाशी नक्कल करणारं यंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, संदेश अर्धवट सोडून गळून पडतं. खळगा रिकामा असेल तर तीच अक्षरं वेगळी जोडी जमवतात, वळसा होत नाही आणि नक्कल पुढे चालते. या कळीला रायबोस्विच म्हणतात.

घडी बदलली हे कळतं कसं? आरएनए किंचित अल्कधर्मी द्रावणात सुमारे 40 तास ठेवला की त्याचे सैल भाग आपोआप तुटतात, घट्ट बसलेले टिकतात. ग्वानिन घातल्यावर जेलवरचे काही पट्टे फिके पडले, म्हणजे तिथली अक्षरं जखडली. मला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र एका अक्षराचा आहे. खळग्यातल्या 74व्या जागी असलेल्या सीऐवजी यू घातला, की तोच आरएनए ग्वानिन सोडून अ‍ॅडेनिन पकडू लागतो!

पण या कळीला घाई असते. पॉलिमरेज वळशाची जागा ओलांडून गेलं, की नंतर आलेल्या ग्वानिनचा त्या संदेशावर काही उपयोग नाही.

तयार झालेले संदेश आवरायला जिवाणूंकडे लहान आरएनए असतात. ई. कोलायमध्ये लोह कमी पडलं की आरवायएचबी हा सुमारे 90 अक्षरांचा आरएनए तयार होतो. लोह वापरणाऱ्या प्रथिनांच्या संदेशांना तो एचएफक्यू या प्रथिनाच्या मदतीने चिकटतो. मग विकर येऊन संदेश तोडतं आणि त्याच्याबरोबर आरवायएचबीही संपतो. लोह पुन्हा मिळालं, की फर नावाचं प्रथिन आरवायएचबीचं जनुक बंद करतं आणि ते संदेश पुन्हा टिकू लागतात.