पस्तीस डॉलर मागायचे कसे?

अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळानं पुण्याच्या प्रकाशकाकडून १,२०० डॉलरची पुस्तकं मागवली, असं धरू. पुस्तकं पोचली, पैसेही आले. पण खात्याला लागले १,१६५ डॉलर. अशा वेळी हातून पत्र उतरतं ते असं: ‘आपण रक्कम कमी पाठवली आहे. उरलेले ३५ डॉलर त्वरित पाठवावेत.’

यातलं पहिलंच वाक्य चूक आहे. खजिनदारांच्या बँक स्टेटमेंटमध्ये पूर्ण १,२०० डॉलर गेलेले दिसतात, वर त्यांच्या बँकेची फी वेगळी. त्यांना हे पत्र आरोपासारखंच वाटणार. दोन बँकांचा एकमेकींशी थेट खातेव्यवहार नसला की पैसे मधल्या एखाद्या बँकेतून येतात, आणि ती आपलं शुल्क त्या रकमेतूनच कापून घेते. पैसे पाठवताना SHA हा पर्याय निवडला असेल, तर तशी कपात होऊ शकते. OUR निवडलं तर सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे जातं.

म्हणून पत्र लिहिण्याआधी आपल्या बँकेकडून त्या व्यवहाराच्या संदेशाची प्रत मागवावी. मूळ रक्कम, वाटेतली कपात आणि निवडलेला पर्याय त्यात दिसतो. आपल्या बँकेनं रुपयांत घेतलेलं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी यात मिसळू नये. तो खर्च आपलाच.

आता पत्र पुन्हा लिहू:

‘सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेले १,२०० डॉलर मिळाले, आभार. वाटेत मधल्या बँकेनं ३५ डॉलर शुल्क कापल्यानं आमच्या खात्यात १,१६५ जमा झाले. बँकेच्या संदेशाची प्रत सोबत जोडली आहे. ही तफावत मंडळानं सोसावी, अशी विनंती आहे. रक्कम वेगळी पाठवू नये. पुढच्या बिलात धरू. तेव्हा कृपया OUR हा पर्याय निवडावा.’

आरोप गेला, पुरावा आला. पण सगळ्यात कामाचं वाक्य ‘वेगळी पाठवू नये’ हे आहे. ३५ डॉलर त्याच मार्गानं निघाले तर मधली बँक पुन्हा कापणार, आणि हाती जवळजवळ काहीच उरणार नाही. पुढची मागणी येणार नसेल तर मात्र या रकमेवर पाणी सोडणंच शहाणपणाचं.

शुल्क कुणी भरायचं हे बिलावर लिहिलेलं नसेल, तर ‘विनंती’ हाच शब्द योग्य. हक्कानं मागता येत नाही. OUR निवडूनही काही वेळा कपात होते, तेव्हा केवळ त्या पर्यायावर विसंबू नये. पुढच्या बिलावर खाते क्रमांकाच्या खालीच छापा: ‘बँकांचं सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे, आमच्या खात्यात बिलाची पूर्ण रक्कम जमा व्हावी.’