रविवारी सकाळी की मंगळवारी रात्री?

नीट-सीईटीच्या क्लासकडून पालकांना जाणारे मेल ठरावीकच असतात: चाचणी परीक्षेचे गुण, फीच्या हप्त्याची आठवण, डेमो लेक्चरची नोंदणी. ते कधी पाठवले म्हणजे जास्त पालक वाचतील, हा प्रश्न ऑफिसात निघतोच. मग कोणीतरी एक मेल अर्ध्या पालकांना मंगळवारी आणि अर्ध्यांना रविवारी पाठवून बघतं, आकडे येतात आणि सरांच्या केबिनमध्ये बातमी जाते, "सर, रविवारचा मेल दीडपट चालला!" या दीडपटीवर किती विश्वास ठेवायचा, ते पाहू.

समजा, लातूरच्या एका क्लासकडे १२०० पालकांचे पत्ते आहेत. डेमो लेक्चरच्या नोंदणीचा एकच मेल ६०० जणांना मंगळवारी रात्री साडेआठला गेला आणि उरलेल्या ६०० जणांना रविवारी सकाळी दहाला. मंगळवारच्या गटात २४ जणांनी लिंकवर क्लिक केलं, रविवारच्या गटात ३६ जणांनी. म्हणजे चार टक्के आणि सहा टक्के. दीडपट हे गणित चुकलेलं नाही, पण सगळी मदार बारा माणसांवर आहे.

दोन्ही वेळा अगदी सारख्या असत्या, तरी दोन गटांत क्लिक मोजून तितकेच आले नसते. कोणाच्या घरी पाहुणे होते, कोणाचा रिचार्ज संपला होता, कोणी मेल पाहून नंतर विसरून गेलं. अशा निव्वळ योगायोगाने किती फरक पडू शकतो, याचा अंदाज घ्यायची एक सोपी रीत आहे. दोन्ही गट सारखे असतील आणि पाठवलेल्या मेलच्या मानाने क्लिक थोडे असतील, तर दोन्हींच्या क्लिकमधल्या फरकाचा वर्ग करा आणि क्लिकच्या बेरजेची चौपट काढा. वर्ग चौपटीपेक्षा मोठा असला तरच फरक दखल घेण्याजोगा. इथे फरक १२, त्याचा वर्ग १४४. बेरीज ६०, तिची चौपट २४०. वर्ग बराच कमी पडला. संख्याशास्त्रातला वीसात एक चुकीचा नेहमीचा संकेतच या रीतीत दडलेला आहे. त्याच हिशेबाने रविवारचा खरा फायदा शंभर मेलमागे साडेचार क्लिकांइतका असू शकतो आणि अर्ध्या क्लिकाचा तोटाही असू शकतो. याचा अर्थ दोन्ही वेळा सारख्याच आहेत असा नव्हे. एवढ्या आकड्यांवरून ते सांगता येत नाही, इतकंच.

ही चूक केवळ क्लासच्या ऑफिसात होत नाही. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली दाखवून दिलं की संख्याशास्त्र शिकलेले संशोधकही छोट्या नमुन्यावर नको इतका भरवसा टाकतात.

चार आणि सहा टक्क्यांमधला खरा फरक बहुतेक वेळा पकडता यावा, असं वाटत असेल तर प्रत्येक गटात साधारण १९०० मेल लागतात. आपल्याकडे पालकच १२०० आहेत. म्हणून हाच प्रयोग चार मेलवर करायचा. प्रत्येक वेळी गट नव्याने पाडायचे, म्हणजे दर मेलवर क्लिक करणारे हौशी पालक एकाच बाजूला राहत नाहीत.

गट पाडताना हयगय नको. आडनावांच्या यादीचा वरचा भाग इकडे आणि खालचा तिकडे, किंवा अकरावी मंगळवारी आणि बारावी रविवारी, असं केलं तर वेळेची नव्हे, बॅचची परीक्षा होते. शीटमध्ये प्रत्येक घरापुढे `=RAND()` लिहा, आलेले आकडे केवळ किंमत म्हणून पुन्हा चिकटवा (नाहीतर ते सारखे बदलत राहतात), त्यानुसार यादी लावा आणि मधोमध तोडा. आई-वडील दोघांचे पत्ते असतील तर ते एकाच गटात राहू द्या. एकाला मेल आला की तो दुसऱ्याला सांगणारच.

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप ही तर आणखी मोठी अडचण. मंगळवारचा मेल बुधवारी तिथे पोचला, तर रविवारच्या गटातल्या पालकांनी बातमी आधीच वाचलेली असते. म्हणून एका मेलला मंगळवार आधी, पुढच्याला रविवार आधी, असं आलटून पालटून पाठवावं. दोन्ही गटांना वेगवेगळी लिंक द्यावी आणि प्रत्येक गटाचे क्लिक त्याचा मेल गेल्यापासून ७२ तासच मोजावेत. सगळे आकडे एकाच दिवशी काढले, तर आधी मेल गेलेल्या गटाला फुकटचे दिवस मिळतात.

मेल उघडल्याची टक्केवारी मात्र मी निर्णयासाठी वापरणार नाही. ती मेलमध्ये लपवलेल्या एका इवल्या चित्रावरून मोजतात. ते चित्र उतरवून घेतलं गेलं की मेल उघडला असं धरतात. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आली. ती चालू असेल तर माणसाने मेल पाहिला नसला तरी चित्र आधीच उतरवलं जातं. उलट, चित्रं बंद ठेवणाऱ्याने मेल वाचला तरी नोंद होत नाही. क्लिकही निर्दोष नाही. पालकांनी कंपनीचा पत्ता दिला असेल, तर तिथली सुरक्षा यंत्रणा कधीकधी लिंक स्वतःच तपासून पाहते. मेल पोचताच काही सेकंदांत क्लिक दिसले, तर ते बाजूला काढावेत.

आता समजा, चार मेलनंतर प्रत्येक बाजूला २४०० मेल झाले. मंगळवारचे क्लिक १०८, रविवारचे १२७. फरक १९, वर्ग ३६१, बेरजेची चौपट ९४०. पहिल्या मेलची दीडपट सव्वापटीच्याही खाली आली. पहिल्या फेरीतला डोळे दिपवणारा फरक पुढे आटणं हे छोट्या नमुन्यात नेहमीच घडतं. तरी हाती काही लागलंच: रविवारचा फायदा असलाच तर तो शंभर मेलमागे फार तर दोन क्लिकांचा आहे.

मग मेल कधी पाठवायचा? खर्च काहीच नसेल तर खुशाल रविवारी पाठवा, त्यात नुकसान नाही. पण त्यासाठी ऑफिसातल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी बोलवावं लागत असेल, तर माझं मत मंगळवारच्या बाजूने.

दोन मोह टाळायला हवेत. पहिला, रोज संध्याकाळी आकडे बघून मनाजोगता फरक दिसला की प्रयोग थांबवायचा. असं केलं की योगायोगाला जिंकायच्या अनेक संधी मिळतात. किती मेलनंतर निकाल काढायचा, ते आधी लिहून ठेवावं. दुसरा, सातही दिवस आणि सकाळ-दुपार-रात्र एकदम तपासायचे. एकवीस खणांत १२०० मेल वाटले की एका खणात ५७ मेल येतात आणि सरासरी तीनच क्लिक पडतात. कोणत्याही वेळेत काडीचा फरक नसला, तरी एखाद्या खणात शून्य आणि एखाद्यात सहा क्लिक सहज दिसतील. मग गुरुवारी दुपारी मेल पाठवायचाच नाही, असा नियम उगाच होऊन बसतो.

जूनमध्ये नवी बॅच आली की पालक बदलतात, त्यामुळे यंदाचा निकाल पुढच्या वर्षी पुन्हा तपासावा लागेल. तोवर सरांना कळवताना केवळ "दीडपट" म्हणू नका, शेजारी "६०० पैकी २४ आणि ६०० पैकी ३६" हेही लिहा.