टाळ्या नकोत, थालीपीठ दाखवा

एखाद्या पाककृतीच्या वाहिनीवर बारा सेकंद बोधचिन्हच गरगरत राहतं आणि तोवर प्रेक्षक पुढे सरकलेला असतो. यूट्यूबच्या आलेखात ही गळती सुरुवातीच्या उतारावर दिसते.

उपाय सोपा आहे. आधी तव्यावरचं खरपूस थालीपीठ आणि एक वाक्य, मग तीन सेकंदांची ओळख. नेटफ्लिक्सचा ‘टुडुम’ही असाच झटपट उरकतो.

रंग दोनच पुरेत: गडद वांगी पार्श्वभूमी, त्यावर हळदी अक्षरं. पांढऱ्यावर हळदी मात्र वाचवत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त फाँट ‘मुक्ता’ जाड वजनात वापरावा. बारीक वजनात मोबाइलवर मात्रा-वेलांट्या पुसट होतात. लघुचित्राचा उजवा खालचा कोपरा मोकळाच ठेवावा, तिथे व्हिडिओची वेळ येऊन बसते.