संविधानाची जाडजूड पीडीएफ अन् परीक्षेला तीन दिवस; आधी काय वाचायचे?

एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्या अनेकांच्या मोबाइलमध्ये ‘भारताचे संविधान’ची पीडीएफ असते. ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली तर तीन दिवसांत पुस्तक संपत नाही आणि परीक्षेला हवा असलेला भाग नेमका मागे राहतो. मग सुरुवात कुठून करायची?

आधी तासांचा हिशेब

समजा, तिरोड्यातील एका उमेदवाराची परीक्षा रविवारी आहे आणि आज गुरुवार आहे. पेपर १०० प्रश्नांचा, वेळ एक तास. नागरिकशास्त्र हा सात घटकांपैकी एक असल्याने त्याला तीन दिवसांत फार तर सहा तास देता येतील. कायद्याची भाषा जड असते. मोबाइलवर घड्याळ लावून पाच पाने वाचून पाहावीत. त्याला अर्धा तास लागला, तर वेग तासाला दहा पाने. एक तास जुन्या प्रश्नपत्रिकांना आणि एक तास उजळणीला ठेवला की चार तास, म्हणजे ४० पाने उरतात. फाइल ४०० पानांची असेल तर दहातले एकच पान वाचून होणार. त्यामुळे प्रश्न ‘कसे संपवू’ हा नसून ‘कोणती ४० पाने’ हा आहे.

अभ्यासक्रम हाच नकाशा

या घटकाचा अभ्यासक्रम तीन तुकड्यांत आहे: घटनेचा प्राथमिक अभ्यास, राज्य व्यवस्थापन आणि ग्राम व्यवस्थापन. हे तुकडे अनुक्रमणिकेशी जुळवावेत.

ग्राम व्यवस्थापनासाठी भाग ९, म्हणजे पंचायती. ही १६ छोटी कलमे आहेत आणि त्यांच्यासोबत २९ विषयांची अकरावी अनुसूची. कमी पानांत पूर्ण तुकडा हाती येतो, म्हणून सुरुवात येथून करावी.

राज्य व्यवस्थापनासाठी भाग ६. तो लांबलचक आहे. त्यातील राज्यपाल आणि मंत्रिपरिषद (१५३ ते १६४) नीट वाचावे. विधिमंडळात रचना आणि धन विधेयक (१९८, १९९) पाहावे, कामकाजाची बाकीची कलमे सोडावीत.

प्राथमिक अभ्यासासाठी भाग ३ मधील मूलभूत हक्क (१२ ते ३५) आणि मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१क.

त्यानंतर आयोगाच्या संकेतस्थळावरील मागील तीन प्रश्नपत्रिका घ्याव्यात. नागरिकशास्त्राच्या प्रत्येक प्रश्नापुढे कलम लिहावे. यादीबाहेरचे एखादे कलम दोनदा आले, तर ते यादीत घ्यावे. कलम ३७१ (२) विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांविषयी आहे, पण ते भाग २१ मध्ये आहे. ओळीने वाचणारा तिथपर्यंत पोहोचतच नाही.

फाइलच फसवते तेव्हा

शोधपट्टीत ‘राज्यपाल’ टाकून काहीच सापडले नाही, तर फाइल स्कॅन केलेली किंवा जुन्या फॉन्टमधली असू शकते. एक शब्द कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवून पाहावा. भलतीच अक्षरे उमटली किंवा शब्द निवडताच आला नाही, तर शोध सोडून अनुक्रमणिका धरावी. छापील पान १ जर पीडीएफच्या ३१व्या पानावर असेल, तर प्रत्येक छापील क्रमांकात ३० मिळवून थेट उडी मारता येते. मराठी आवृत्तीत ‘ए’ऐवजी ‘क’ असतो, हेही लक्षात ठेवावे.

आवृत्ती किती जुनी हे पाहण्यासाठी कलम १५ उघडावे. त्यात खंड (६) नसेल, तर फाइल २०१९ मधील १०३व्या घटनादुरुस्तीच्या आधीची आहे. दुसरी घ्यावी.

घटनेत नसलेले उत्तर

एका ठिकाणी मात्र फक्त घटना वाचून चूक होते. पंचायतीत महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा, असे घटना सांगते. महाराष्ट्रात राज्याच्या कायद्याने त्या निम्म्या आहेत. प्रश्नात ‘घटनेनुसार’ आहे की ‘महाराष्ट्रात’, यावर उत्तर बदलते आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. जिल्हा परिषदेच्या समित्यांचे तपशीलही घटनेत नाहीत, ते १९६१च्या राज्य कायद्यात आहेत. पंचायतींच्या कलमांसोबत त्यांची एक पानी टिपणे ठेवावीत.

शनिवारी नवे पान नको

गुरुवारी प्रश्नपत्रिका आणि पंचायती, शुक्रवारी राज्य आणि हक्क, अशी विभागणी बसते. शनिवारचा तास फक्त उजळणीचा. केंद्र गोंदिया किंवा नागपूरला असेल, तर रेल्वेतील वेळ कलम क्रमांक आणि विषय यांची जोडी आठवण्यासाठी वापरावा. जी जोडी आठवत नाही, तेवढेच पान पुन्हा उघडावे.