साडेतीनला चाकण सोडू नये

समजा, नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे खरेदी अधिकारी एका दिवसासाठी पुण्याला येत आहेत. विमान सकाळी ८.४० ला लोहगावला उतरतं, परतीचं रात्री ८.५० ला आहे. मधल्या वेळात त्यांना चाकणच्या कारखान्यात सुटे भाग तपासायचे आहेत, भोसरीच्या टूलरूममध्ये साचे बघायचे आहेत, हिंजवडीत डिझाइनवाल्यांना भेटायचं आहे आणि बाणेरच्या ऑफिसात दरांची बोलणी करायची आहेत. यजमान कंपनीतल्या एका उत्साही मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला मेसेज लिहिला: १० ते ११.३० चाकण, १२ ते १ भोसरी, २ ते ३ हिंजवडी, ३.३० ते ५ बाणेर. दिसायला अगदी सुटसुटीत. पण यातली पहिली बैठकच वेळेवर सुरू होऊ शकत नाही.

विमान ८.४० ला टेकलं तरी पाहुणा दाराबाहेर यायला नऊ-सव्वानऊ होतात. बॅग पट्ट्यावर टाकलेली असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटं. अ‍ॅपवरून टॅक्सी बोलावली असेल तर ती टर्मिनलच्या दारात येत नाही, एरोमॉलच्या पार्किंगपर्यंत चालत जावं लागतं. लोहगाव ते चाकण अंतर २५-३० किलोमीटर, पण सकाळी तासाभरापेक्षा कमी वेळ धरणं धाडसाचंच. म्हणजे गाडी फाटकाशी पोचते साडेदहाच्या सुमाराला. आणि फाटकाशी पोचणं म्हणजे बैठकीला पोचणं नव्हे. रजिस्टरमध्ये नाव, ओळखपत्र, लॅपटॉपचा सिरीयल नंबर, फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, सुरक्षिततेची चार मिनिटांची फिल्म, मग मापाचे सेफ्टी शूज शोधणं. हे सगळं उरकायला वीस मिनिटं सहज जातात. त्यामुळे चाकणची बैठक ११ ला ठेवावी, १० ला नाही.

असा दिवस आखायचा तो शेवटाकडून. परतीचं विमान कोणासाठी थांबत नाही, म्हणून ते पहिलं लिहायचं. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे ७.५० ला. बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. पाहुणे सव्वासातला विमानतळावर हवेत. बाणेरहून लोहगावला संध्याकाळी विद्यापीठ चौकातून जायचं तर दीड तास धरावा. म्हणून बाणेरहून गाडी ५.४५ ला सुटलीच पाहिजे आणि बैठक साडेपाचला संपली पाहिजे. त्याच्या मागे भोसरी ते बाणेर पाऊण-एक तास, त्याच्या मागे चाकण ते भोसरी तेवढाच. असं उलट मोजत सकाळपर्यंत आलं की हिंजवडीला जागाच उरत नाही. डिझाइनच्या दोघांना बाणेरला बोलावून घेणं हाच शहाणपणा. एक पाहुणा चार ठिकाणी फिरवण्यापेक्षा घरचे दोघे हलवणं केव्हाही स्वस्त.

आता मधल्या मोकळ्या मिनिटांचं. सगळीकडे सरसकट पंधरा मिनिटं टाकली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण उशीर काही सगळीकडे सारखा होत नाही. चाकणला दुपारी दीडला निघालेली गाडी पाऊण तासात भोसरी गाठू शकते. तीच गाडी साडेतीनला निघाली तर पहिली पाळी सुटलेली असते. कंपन्यांच्या बसेस रस्त्यावर आलेल्या असतात, त्यात कंटेनर आणि ट्रेलर, आणि तळेगाव चौकात सगळे एकमेकांची वाट अडवून उभे. तेव्हा चाकणला जेवणानंतर ‘अजून एकदा लाइन बघू’ म्हणत दोन तास रेंगाळलं, तर पुढे दोन तासांच्या जागी तीन जातात. म्हणून चाकणचा राखीव वेळ बैठकीनंतर नव्हे, बैठकीच्या आधी फाटकापाशी ठेवायचा आणि निघायची वेळ पक्की धरायची. बैठक लांबलीच तर भोसरीतला तास अर्ध्यावर आणायचा. भोसरी सोडण्याची वेळ मात्र हलवायची नाही. दरांची बोलणी दिवसाच्या शेवटी ठेवण्यातही हाच हिशेब आहे: अगदीच बिनसलं तर तो विषय दुसऱ्या दिवशी फोनवर पुरा होऊ शकतो. साचा काही फोनवर हाताळता येत नाही.

अशा हिशेबातून आलेला मेसेज असा दिसेल:

‘नमस्कार सर. मंगळवारचा कार्यक्रम. सकाळी ९.२० ला गाडी, आगमन दारासमोर. ड्रायव्हरचं नाव, नंबर आणि गाडी नंबर सोमवारी संध्याकाळी पाठवतो.
१०.३५ चाकण, गेट नंबर २. गेट पास आणि शूजसाठी २० मिनिटं. ओळखपत्र जवळ ठेवावे.
११ ते १२.४५ तपासणी. मग कँटीनमध्ये जेवण.
१.२५ चाकणहून प्रस्थान (यानंतर रस्त्यावर गर्दी वाढते).
२.१५ ते ३.१५ भोसरी, टूलरूम.
३.२० प्रस्थान. ४.१५ ते ५.३० बाणेर. डिझाइनची मंडळी तिथेच येतील.
५.४५ विमानतळाकडे. अंदाजे ७.१५ ला पोच.
तिन्ही ठिकाणांची लोकेशन्स खाली देत आहे.’

यात मोकळ्या वेळाचं कारणही लिहिलं आहे. काही जण ते लपवतात. पाहुण्याला सैल वेळ दिसली की तो बैठक ताणेल, ही त्यांची भीती. प्रत्यक्षात उलटं होतं. १.२५ ला का निघायचं हे माहीत असलेला माणूस स्वतःच घड्याळाकडे बघतो. लपवायची वेळ एकच, ड्रायव्हरची. त्याचं रिपोर्टिंग पंधरा-वीस मिनिटं आधीचं असतं आणि ते पाहुण्याला सांगायची गरज नाही.

लोकेशनबद्दल मात्र काटेकोर राहावं. चाकण म्हणजे एक जागा नव्हे. म्हाळुंगे, खालुंब्रे, निघोजे, सावरदरी अशा गावांत औद्योगिक वसाहतीचे टप्पे पसरले आहेत आणि एकाच कंपनीचे दोन-दोन प्लँट असतात. कंपनीचं नाव टाकून शोधलेली खूण भलत्याच फाटकावर नेते. गेटवर उभं राहून कोणीतरी पाठवलेलं लोकेशन द्यावं, सोबत प्लॉट नंबर आणि गावाचं नाव.

गाडीचा हिशेबही याच मेसेजमधून निघतो. भाड्याच्या गाडीचं नेहमीचं पॅकेज आठ तास ऐंशी किलोमीटरचं, आणि मोजणी बहुधा गॅरेज ते गॅरेज. वरचा दिवस दहा तासांच्या पुढे जातो आणि किलोमीटरही ऐंशीपलीकडे. बारा तासांचं पॅकेज आधीच घेतलं तर संध्याकाळी ड्यूटी स्लिपवर सही करताना पाहुण्यासमोर जादा तासांवरून हुज्जत होत नाही.

तारीख पक्की करण्यापूर्वी दोन गोष्टी पंचांगात आणि फोनवर तपासाव्यात. लोहगावहून आळंदी रस्त्याने जायचं असेल तर एकादशी टाळावी. पालखी प्रस्थानाच्या दिवसांत तर तो रस्ता वारकऱ्यांचाच. आणि दौरा गुरुवारी ठरत असेल, तर भोसरीला आधी फोन लावा. त्या पट्ट्यातल्या अनेक लहान कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते.