पुडी एक, पाणी एक लिटर

१९८० साली बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने घरोघरी जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवायला घेतलं. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला तिने किती घरं केली यावर नव्हे, तर आयांच्या किती लक्षात राहिलं यावर ठरे. काही आठवड्यांनी दुसरी माणसं गावात येत, काही घरं निवडत आणि पाणी करून दाखवायला सांगत. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. त्यात हमखास चुके ते पाणी. म्हणून बाईच्या घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून दिली जाई.

आपल्याकडे आशाताई तयार पुडी देतात, त्यामुळे मीठ-साखर मोजायची वेळ येत नाही. पाणी मात्र आजही आईलाच मोजावं लागतं आणि चूक तिथेच होते.

एक लिटरच्या प्रमाणित पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. ग्लुकोज ताकदीसाठी घातलेलं नाही. जुलाब चालू असतानाही आतड्याच्या अस्तरात एक वाट शाबूत राहते. तिथून ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी शरीरात शिरतं. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचं पाणी पिंपांत कालवून पटकीच्या रुग्णांना पाजलं होतं. बाकीच्या घटकांपैकी पोटॅशियम जुलाबातून गेलेली भर काढतं, तर सायट्रेट रक्तात वाढलेली आम्लता कमी करतं.

हीच पुडी एका पेल्यात, म्हणजे २०० मिली पाण्यात कालवली, तर द्रावण पाचपट तीव्र होतं. मग ते आतड्यात पाणी शोषू देण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं. जुलाब वाढतात, रक्तात सोडियम चढतं, मूल तहानेने कासावीस होऊन किरकिर करतं आणि प्रसंगी त्याला झटके येतात. उलट पाणी जास्त झालं, तर मीठ पुरेसं मिळत नाही. गोंधळाचं आणखी एक कारण म्हणजे बाजारात २०० मिलीची लहान पुडीही मिळते. म्हणून पुडीवरचा आकडा आधी वाचायचा.

घरच्या पेल्यांचा भरवसा नसतो, कोणाचा दीडशे मिलीचा, कोणाचा तीनशेचा. एक लिटर पाण्याची बाटली घ्यावी, ती आईच्याच पातेल्यात रिती करून पाणी कुठवर आलं ते तिला दाखवावं आणि तिथे खूण करावी. मग अख्खी पुडी तिलाच फोडायला, ढवळायला सांगावं. “समजलं का?” असं विचारलं की प्रत्येक आई मान डोलावते. “उद्या मी नसले तर कसं कराल, दाखवा बघू,” म्हटलं की खरं काय ते कळतं. पाणी पिण्याचं, स्वच्छ हवं. कालवल्यावर उकळायचं नाही, त्यात दूध, रस किंवा वरून साखर घालायची नाही. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं.

आठ किलो वजनाच्या वर्षाच्या मुलाचं उदाहरण घेऊ. जलशुष्कता नसेल, तर दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली पुरतं. डोळे खोल गेलेत, मूल किरकिरतंय, पाण्यावर तुटून पडतंय, तर आरोग्य केंद्रात देखरेखीखाली किलोमागे ७५ मिली, म्हणजे ६०० मिली, चार तासांत चमच्याचमच्याने पाजतात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा हळूहळू सुरू करायचं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालूच ठेवायचं. मूल सुस्त पडलं, पिईनासं झालं किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नये.

एक गोष्ट आईला आधीच सांगायला हवी: या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. ते सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ती पाणी बंद करते आणि जुलाब थांबवणारं औषध शोधत फिरते.

जुलाबाचे दिवस कमी करण्याचं काम झिंकचं. जुलाबात झिंक शरीराबाहेर जातं आणि आतड्याचं अस्तर भरून यायला तेच लागतं. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात ती विरघळते. भारतात ती १४ दिवस देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शौच घट्ट झालं की बहुतेक घरांत गोळ्या फळीवर पडून राहतात. पण पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत उलटण्याची शक्यता कमी होते ती पूर्ण १४ दिवस दिल्यावर. म्हणून आशाताईंनी पाचव्या-सहाव्या दिवशी त्या घरी जाऊन पाकीट मागून घ्यावं आणि उरलेल्या गोळ्या मोजाव्यात.