घट्ट धरलेली काच

जानेवारी १९७३च्या वादळात बॉस्टनमधल्या जॉन हॅनकॉक टॉवरच्या काचा फुटू लागल्या. साठ मजली इमारत अजून पुरी झाली नव्हती. चार फूट रुंद, अकरा फूट उंच अशी एकेक काच, वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. फुटलेल्या जागी प्लायवूड ठोकलं गेलं आणि जोराचा वारा सुटला की पोलीस खालचे रस्ते बंद करू लागले.

आधी संशय गेला टॉवरच्या डुलण्यावर. टॉवर वाऱ्यात प्रमाणाबाहेर हलत होता हे खरं, आणि त्यावर वेगळा इलाजही करावा लागला. पण काचा फुटण्याचं मूळ तिथं नव्हतं. ते होतं काचेच्या कडेला. दोन काचांमध्ये पोकळी ठेवण्यासाठी शिशाची पट्टी डाक देऊन बसवली होती. हा जोड इतका पक्का होता, की वाऱ्यानं आणि उन्हानं काच वाकली तरी तो तसूभरही हलेना. ताण काचेवर आला आणि कडेला तडे गेले. अखेर सगळ्या १०,३४४ काचा काढून एकेरी, टफन केलेल्या काचा बसवाव्या लागल्या.

आता अशी इमारत मजल्याएवढ्या उंचीच्या पॅनेलांनी झाकतात. काच कारखान्यातच ॲल्युमिनियमच्या चौकटीला सिलिकॉननं चिकटवलेली असते. हे काम शक्यतो जागेवर करत नाहीत, कारण धुळीचा थर असेल तर सिलिकॉन धरत नाही. स्लॅबच्या कडेला पोलादी ब्रॅकेट असतात. क्रेननं उचललेलं पॅनेल त्यांवर वरून टांगतात. खालची कड मात्र ब्रॅकेटला जखडत नाहीत, ती खालच्या पॅनेलच्या माथ्यावरच्या खाचेत सैल बसते.

ही सैल जागा मोजूनमापून ठेवलेली असते. साडेतीन मीटरच्या ॲल्युमिनियमच्या दांड्याचं तापमान ४० अंशांनी वाढलं, की तो तीन मिलिमीटरहून जास्त वाढतो. तेवढीच काच जेमतेम सव्वा मिलिमीटर. दोघांमधला फरक रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉन झेलतं. माणसं, सामान यांच्या भारानं स्लॅब खाली वाकतो, तो फरक आडव्या सांध्यातली फट झेलते.

फट म्हटली की पाणी आलंच. बाहेरचं गॅस्केट सगळं पाणी अडवेल, असा कारागीर आग्रहच धरत नाहीत. गॅस्केटमागच्या पोकळीत बाहेरची हवा शिरू देतात. मग आत-बाहेर दाब जवळजवळ सारखा राहतो, वारा पाणी आत ढकलू शकत नाही आणि जे शिरतं ते बारीक छिद्रांतून बाहेर निघतं. एखादा उत्साही मिस्त्री नेमकी हीच छिद्रं सीलंटनं बुजवतो आणि पुढच्या पावसाळ्यात छत गळू लागतं.

तुमच्या ऑफिसच्या दुहेरी काचेत, दोन काचांच्या मधोमध धुकं दिसत असेल, तर कडेचं सील गेलं असं समजा. ते पुसून जाणार नाही. काच बदलावीच लागते.